कांद्याच्या पातीनं बदललेली ओळ

सहावीच्या वर्गासाठी मी लिहिलेल्या गाण्यातली एक ओळ चुकीची होती. ती चूक मला कुठल्या अधिकाऱ्यानं दाखवली नाही. वर्गातल्या एका मुलीनं दप्तरात घालून आणलेल्या कांद्याच्या पातीनं दाखवली. त्या दिवशी काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तशीच ओळ इतरही वर्गांत शिकवली जात असणार असं मला वाटतं.

आमची शाळा बोरी नदीच्या पट्ट्यात आहे. शाळेच्या तिन्ही बाजूंनी कपाशी आणि चौथ्या बाजूला मका. नदीकडच्या काळ्या रानात काही घरांचा खरिपाचा कांदा असतो. वर्गातली बहुतेक मुलं घरी अहिराणी बोलतात आणि पुस्तकातली मराठी त्यांना थोडी परकी वाटते. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द फळ्यावर लिहिला की निम्मा वर्ग तो उच्चारण्यातच अडकतो आणि पान काय करतं हे मागेच राहून जातं. म्हणून गेल्या सप्टेंबरात मी ठरवलं, आधी टाळीवर म्हणता येईल असं गाणं द्यायचं, शब्द नंतर सांगायचा. आठ अक्षरांची ओळ मुलांच्या टाळीत बरोबर बसते. पोळ्याच्या सुट्टीत बसून मी लिहिलं ते असं:

मूळ ओढी पाणी वर,
देठ नेई पानभर,
हवा येई छिद्रांतून,
ऊन येई वरतून.

हिरव्या त्या चुलीवर
शिजे पिष्ट पानभर,
पाण्यातून सुटे वायू,
तोच आम्ही श्वासी घेऊ.

शेवटच्या दोन ओळींवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. पानातून बाहेर पडणारा ऑक्सिजन हा आत घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडमधला असतो असं मुलं सहज धरून चालतात. मोठी माणसंही तसंच धरतात. पण तो येतो पाण्यातून. 1941 मध्ये शास्त्रज्ञांनी जड ऑक्सिजनची खूण केलेलं पाणी हिरव्या शेवाळाला दिलं, तेव्हा तीच खूण बाहेर आलेल्या वायूत सापडली. म्हणून 'हवेतून सुटे वायू' असं न लिहिता 'पाण्यातून' लिहिलं. ती जागा मी जपली, आणि जिथं चूक होती तिथं माझं लक्षच गेलं नाही.

मुलांनी दोन दिवसांत गाणं पाठ केलं. गुरुवारी परिपाठात सगळ्या शाळेसमोर म्हटलं. 'शिजे पिष्ट पानभर' या ओळीवर टाळी दुप्पट जोरात पडायची, कारण 'पिष्ट' हा शब्द उच्चारायला त्यांना मजा यायची. पिष्ट म्हणजे काय हे मी भाकरीच्या पिठावरून सांगितलं होतं.

आता गाण्यात म्हटलेलं डोळ्यांनी दाखवायचं होतं. त्यासाठी पिष्टाची आयोडीन परीक्षा करतात. आयोडीन मुळात तपकिरी असतं, पिष्टाला लागलं की निळंकाळं होतं. पिष्टाचा रेणू म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ, आणि ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसतं, म्हणून रंग बदलतो. माळ आखूड असेल किंवा वेटोळं नसेल तर रंग येत नाही. हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडणार होतं.

तयारी बुधवारपासून केली होती. व्हरांड्यातली जास्वंदाची कुंडी दोन दिवस सामानाच्या अंधाऱ्या खोलीत ठेवली. पानात आधीचं पिष्ट शिल्लक असेल तर उन्हात नवीन किती झालं हे कळणारच नाही, म्हणून पान आधी रिकामं करून घ्यावं लागतं. अंधारात नवीन अन्न होत नाही आणि जुनं झाड वापरत राहतं. शुक्रवारी सकाळी कुंडी उन्हात काढली. त्याआधी एका पानाच्या मधोमध काळ्या कार्डशीटचा पट्टा, खालून-वरून दोन्ही बाजूंनी, यू-पिननं लावला. मुलांनाही काम दिलं होतं. ज्यांचं शेत जवळ आहे त्यांनी गुरुवारी संध्याकाळी झाडाच्या एका पानाला तसाच पट्टा लावायचा आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत ते पान तोडून आणायचं. रात्रभरात पान रिकामं होतं, दिवसभरात उघडा भाग भरतो आणि झाकलेला भाग रिकामाच राहतो. बहुतेकांनी कपाशीचं पान आणलं. एकानं लिंबाचं आणलं, ते फार जाड निघालं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं कांद्याची पात आणली, कारण तिच्या शेतात कांदा होता आणि मी 'आपापल्या शेतातलं' म्हटलं होतं.

दुपारी दोन वाजता पोषण आहाराच्या खोलीतल्या गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उकळल्यावर पानं त्यात दोन मिनिटं बुडवली, म्हणजे पेशी मरतात आणि आयोडीन आत शिरू शकतं. मग गॅस बंद केला, शेगडी बाजूला सरकवली आणि मुलांना चार हात मागे उभं केलं. इथून पुढचं काम स्पिरिटचं असतं आणि स्पिरिटची वाफ ज्योतीवर पेटते. स्पिरिट कधीच थेट आचेवर ठेवायचं नाही. काचेच्या नळ्यांत पानं घालून ती बुडतील एवढं स्पिरिट ओतलं आणि नळ्या त्या गरम पाण्यात उभ्या केल्या. अल्कोहोल साधारण 78 अंशांना उकळतं, त्यामुळे नुकत्याच उतरवलेल्या पाण्याची ऊब त्याला पुरते. पाचेक मिनिटांत स्पिरिट हिरवं व्हायला लागलं आणि पानं फिकी पडत गेली. मुलं नळ्यांकडे वाकून बघत होती. पानातला हिरवा रंग असा बाहेर येऊन काचेत उभा राहिलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. एकानं विचारलं, "मॅडम, आता पान मेलं का?" मी म्हटलं, "पान उकळतानाच मेलं बाळा, आता फक्त रंग निघतोय."

फिकी झालेली पानं कागदासारखी कडक होतात, ती पुन्हा गरम पाण्यात बुडवून मऊ करावी लागतात. मग पांढऱ्या बशीत पसरून वरून आयोडीन. मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन मी पाणी घालून कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलं होतं. दाट ठेवलं तर सगळंच काळपट दिसतं आणि काही कळत नाही.

जास्वंदाच्या पानावर रंग आला. कडा निळ्याकाळ्या आणि मध्ये पट्टा होता तिथं फिकट पिवळट. पट्ट्याची कड पट्टीनं आखावी इतकी सरळ. कपाशीची पानंही काळी झाली, काही तर जास्वंदापेक्षा जास्त. वर्ग आनंदानं ओरडत होता. 'शिजे पिष्ट पानभर' कुणीतरी सुरू केलं आणि सगळ्यांनी धरलं.

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, मनी पात काळी व्हयनी नही."

मी पाहिलं. पात तपकिरीच होती. झाकलेला भाग आणि उघडा भाग दोन्ही सारखेच. मी आणखी चार थेंब टाकले, पाच मिनिटं थांबले. रंग चहाचाच राहिला.

तेव्हा मी जे केलं ते आता मला पटत नाही. मी म्हटलं, "पात नीट शिजली नसेल, आपण उद्या परत करू," आणि पुढच्या बशीकडे वळले. मुलगी काही बोलली नाही, पण ती बशी तिनं सोडली नाही. घंटा होईपर्यंत ती बशी धरून बसली होती.

घरी आल्यावर मी तिची बाजू घेऊन विचार केला. कुठं कुठं चुकू शकतं ते एकेक तपासायला हवं होतं. आयोडीन खराब असेल? तेच आयोडीन कपाशीवर चाललं होतं, आणि उरलेल्या भाताच्या शितावर टाकलं तर शीत लगेच निळंजांभळं झालं. म्हणजे आयोडीन ठीक. ऊन कमी पडलं? पात त्याच सकाळी, त्याच उन्हात होती. पातीवर मेणासारखा पांढुरका थर असतो, त्यानं आयोडीन आत गेलं नसेल? ही शंका खरी होती. कांद्याची पात नळीसारखी पोकळ असते आणि बाहेरची बाजू पाणी धरत नाही. पात उभी चिरून आतली बाजू वर केली तर आयोडीन थेट पेशींपर्यंत पोचायला हवं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारी मी तिच्याच शेतातून पात आणली, चिरली, उकळली, स्पिरिटमध्ये पूर्ण पांढरी केली आणि आतल्या बाजूवर आयोडीन टाकलं. काही नाही. फिकट तपकिरी.

म्हणजे हात चुकला नव्हता. पातीत पिष्ट नव्हतं. आणि पातीत पिष्ट नसेल तर माझ्या गाण्याप्रमाणे कांद्याची पात अन्नच करत नाही, असा अर्थ होत होता.

अमळनेरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी एक मैत्रीण आहे. तिला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवतेस ना मुलांना? त्यावर काय टाकतेस?" मी म्हटलं, "आयोडीन." ती म्हणाली, "मग तो निळा होतो का कधी?"

मी गप्प झाले. पेशी दाखवताना दरवर्षी मी कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीन टाकते. पेशींच्या भिंती आणि केंद्रकं सोनेरी-तपकिरी दिसतात आणि आम्ही आकृती काढून मोकळे होतो. इतकी वर्षं मी ते बघत आले होते. निळं का होत नाही हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता. बटाट्याच्या कापावर तेच आयोडीन टाकलं की गडद निळे दाणे दिसतात, कारण बटाटा पिष्ट साठवतो. कांदा साठवत नाही, त्याच्या पाकळ्यांतही नाही आणि पातीतही नाही.

मग तिनं मला नीट समजावलं. उजेडात पानात जे बनतं ते आधी साखरेच्या रूपात असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम चार भाग असतो, आणि मुळांनी आणलेलं पाणी, या दोघांपासून. ही साखर पुढे कुठं आणि कशी ठेवायची हे प्रत्येक वनस्पतीचं वेगळं असतं. साखर पाण्यात विरघळते आणि फार साठली की पेशीत बाहेरचं पाणी ओढून घेते. म्हणून जास्वंद, कपाशी, घेवडा अशा पुष्कळ वनस्पती दिवसभराची जास्तीची साखर पिष्ट करून पानातच ठेवतात. पिष्ट विरघळत नाही, दाणा बनून पडून राहतं. कणगीत धान्य भरावं तसं. रात्री तेच पिष्ट मोडून परत साखर होते आणि देठातून बाकीच्या झाडाकडे जाते. अंधाऱ्या खोलीतली जास्वंद रिकामी झाली ती याच रात्रीच्या कामामुळे. मी कुंडी दोन दिवस अंधारात ठेवत होते, पण ते पिष्ट रात्री जातं कुठं हे गाण्यात मी सांगितलंच नव्हतं.

कांदा कणगी बांधत नाही. तो साखर साखरेच्याच रूपात किंवा साखरेच्या छोट्या माळा करून पेशीतल्या पाण्यात विरघळवून ठेवतो. या माळांना फ्रुक्टान म्हणतात. त्या आखूड असतात, पिष्टासारखं वेटोळं त्यांचं होत नाही, त्यामुळे आयोडीनला बसायला जागाच नसते. पात अन्न भरपूर करते. आयोडीनला ते दिसत नाही, एवढंच.

मला माझी चूक आता स्वच्छ दिसली. 1860 च्या दशकात जर्मनीत युलियस झाक्स यांनी उन्हातल्या पानात पिष्ट होतं हे आयोडीननं दाखवलं. तेव्हापासून शाळेत हीच परीक्षा दाखवतात, कारण ती सोपी आहे आणि डोळ्यांना दिसते. पण परीक्षेत जे दिसतं तेच पान बनवतं, असं मी गाण्यात लिहून टाकलं. भरलेली कणगी पाहून शेतात फक्त धान्यच पिकतं म्हणावं, तसं ते झालं.

सोमवारी परिपाठ झाल्यावर वर्गात गेले आणि आधी सांगितलं, "शुक्रवारी तुमच्यापैकी एकीची पात बरोबर होती. माझी ओळ चुकली होती." मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. त्या मुलीला पुढे बोलावलं, तिनं चिरलेली पात आणि कपाशीचं पान शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. मग मी कणगीचं आणि विरघळलेल्या साखरेचं सांगितलं. फ्रुक्टान हा शब्द सांगितला नाही, सहावीला त्याची गरज नाही.

एका मुलाला मात्र ते पटेना. "मॅडम, पातमा साखर शे हाई कसं कळावं? दिसत तर नही."

त्याचा प्रश्न योग्य होता. साखर ओळखायची रसायनं आमच्या शाळेत नाहीत. तेव्हा त्या मुलीनंच उत्तर दिलं. तिची आई भरताच्या वांग्याबरोबर कांदा चुलीच्या राखेत भाजते. कच्चा कांदा तिखट लागतो, पण भाजला की गुळासारखा गोड लागतो आणि बाहेरून तपकिरी होऊन चिकटतो. वर्गातल्या सगळ्यांनी तो खाल्लेला होता. मग ती म्हणाली की तिच्या बाबांनी मागच्या वर्षी पातीवर करपा आला होता तेव्हा सांगितलं होतं, पात करपली की कांदा पोसत नाही. त्या वर्षी कांदे गोटीएवढेच राहिले. मी तिला विचारलं, "मग कांदा कुणाच्या जिवावर पोसतो?" ती म्हणाली, "पातीच्या." याहून चांगला पुरावा मी आणू शकले नसते. गोडवा कांद्यात येतो पातीतून, आणि पात गेली की तो थांबतो.

दुसरा प्रश्न त्याच तासाला आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला की गाण्यात 'चूल' आहे आणि 'शिजे' आहे, मग रात्री चुलीजवळ कुंडी ठेवली तर पान अन्न बनवेल का? ऊन गरम असतं, चूलही गरम असते. त्याचं म्हणणं गाण्यातून सरळ निघत होतं. 'चूल' हा शब्द मी मुलांच्या ओळखीचा म्हणून घातला होता, आणि त्यानंच त्याला चुकीच्या वाटेला लावलं. पानाला लागतो तो उजेड. पानातलं हरितद्रव्य उजेड शोषतं आणि त्या उजेडाच्या जोरावर पाणी फुटतं. चुलीची ऊब ते काम करू शकत नाही.

हे करून बघता येण्यासारखं होतं, म्हणून केलं. कुंडी आणखी दोन दिवस अंधारात ठेवून रिकामी केली. मग पोषण आहाराच्या खोलीत, शेगडीपासून हातभर लांब, वर काळं पोतं टाकून ठेवली. खिचडी शिजेपर्यंत ती खोली बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असते. दुसरी कुंडी, तिलाही आधी दोन दिवस अंधारात ठेवलेली, व्हरांड्याच्या कडेला ठेवली. तिथं थेट ऊन येत नाही पण दिवसभर उजेड असतो. दुपारी दोन्हींची पानं तपासली. पोत्याखालचं पान तपकिरी राहिलं. व्हरांड्यातलं निळसर झालं, उन्हातल्याइतकं गडद नाही, पण स्पष्ट. त्या मुलानं दोन्ही बशा हातात घेऊन सगळ्या बाकांवरून फिरवल्या. पोत्याखालच्या कुंडीला खूप गरम झालं असतं तर झाड तसंही कामातून गेलं असतं, म्हणून ती शेगडीला चिकटवली नव्हती हेही मी त्यांना सांगितलं.

आता गाणं दुरुस्त करायचं होतं. 'ऊन येई वरतून' ऐवजी 'उजेड ये वरतून' लगेच बसलं. 'चूल' काढून 'घर' घातलं. अवघड होती ती पिष्टाची ओळ. मी फळ्यावर लिहिलं 'साखरच होई आधी' आणि पुढची ओळ मुलांना विचारली. पाच-सहा ओळी आल्या, कुठली अक्षरांत बसत नव्हती, कुठली अर्थात. मग कुणीतरी 'पिष्ट होई नेहमी' म्हटलं आणि त्या कांद्याच्या मुलीनं जागेवरूनच दुरुस्त केलं, "नेहमी नाही, कधी कधी."

ओळ झाली. 'आधी'ला 'कधी' जुळलं, आणि माझ्या मूळ ओळीत जे नव्हतं ते सगळं त्या दोन शब्दांत आलं. मैत्रिणीनं सांगितलेलं रात्रीचं कामही मी त्याखाली घातलं. आता गाणं असं आहे:

मूळ ओढी पाणी वर,
देठ नेई पानभर,
हवा येई छिद्रांतून,
उजेड ये वरतून.

हिरव्या त्या घरामधी
साखरच होई आधी,
पिष्ट होई कधी कधी,
रात्री जाई झाडामधी.

पाण्यातून सुटे वायू,
तोच आम्ही श्वासी घेऊ.

'मधी' हा शब्द प्रमाण भाषेत 'मध्ये' असा हवा हे मला माहीत आहे. इथली मुलं 'मधी' म्हणतात आणि यमकही त्यावरच उभं आहे, म्हणून तो तसाच ठेवला. 'हवा' या शब्दाबद्दल अजून मनात थोडं आहे. पान हवेतला एक ठरावीक वायूच वापरतं, आणि ते आठ अक्षरांत मला बसवता आलेलं नाही. तोपर्यंत ती गोष्ट गाण्याआधी तोंडी सांगते. परिपाठात गाणं परत म्हणताना 'कधी कधी' या शब्दांवर मुलं आता दोनदा टाळी देतात.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी लसणाची पात घेऊन आली. तिच्या आजीनं परसात कुंडीत लावलेला लसूण. पात चिरून, उकळून, स्पिरिटमध्ये पांढरी करून बशीत ठेवेपर्यंत वर्ग शांत होता. आयोडीनची बाटली तिच्या हातात दिली आणि विचारलं, "आधी सांग, काळी होईल?"

तिनं पात उचलून वास घेतला, कांद्याच्या पातीशी ताडून पाहिला आणि म्हणाली, "नही."

मग तिनं थेंब टाकला. पात तपकिरीच राहिली.